गर्भनिरोधक गोळीतलं इस्ट्रोजेन कुणाला चालत नाही?

सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यातल्या ७ लोहाच्या, म्हणजे रक्तवाढीच्या. उरलेल्या २१ गोळ्यांपैकी प्रत्येकीत दोन हार्मोन असतात: ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम, म्हणजे ३० मायक्रोग्रॅम, एथिनिल इस्ट्राडिऑल. पहिलं प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं, दुसरं इस्ट्रोजेन. अशी दोन्ही हार्मोन असलेली गोळी म्हणजे संयुक्त गोळी. गर्भ राहू न देण्याचं मुख्य काम पहिलं करतं. दुसऱ्याने त्याला हातभार लागतो आणि रक्तस्राव वेळच्या वेळी, ठरल्यासारखा होतो. रक्ताच्या गुठळीचा प्रश्न येतो तो मुख्यतः या दुसऱ्यामुळे. म्हणूनच ज्या बाईला इस्ट्रोजेन चालत नाही तिला हार्मोनची सगळीच साधनं बंद असतात असं नाही. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे अनेकदा दोन टोकं गाठली जातात. हृदयविकार असलेल्या बाईला काहीच दिलं जात नाही आणि तिला नको असताना दिवस जातात, किंवा कुणी काही न विचारता तिच्या हातात माला-एनचं पाकीट ठेवतं.

गोळी गिळली की आतड्यातून शोषलेलं औषध अंगभर पसरण्याआधी यकृतातून जातं. रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिनं यकृतातच तयार होतात. इस्ट्रोजेन मिळालं की यकृत फायब्रिनोजेन आणि गोठण्याचे इतर काही घटक जास्त बनवू लागतं, आणि गोठणं आवरणारी अँटिथ्रॉम्बिन व प्रोटीन एस ही प्रथिनं कमी होतात. रक्त त्यामुळे लगेच गोठत नाही. पण गोठायला निमित्त मिळालं तर ते थांबायला वेळ लागतो. एथिनिल इस्ट्राडिऑल हे शरीरातल्या नैसर्गिक इस्ट्रोजेनपेक्षा चिवट असतं, यकृतात ते सहजासहजी मोडत नाही. त्यामुळे त्याच औषधाची त्वचेवर लावायची पट्टी किंवा योनीत ठेवायची रिंग वापरली तरी यकृतावरचा परिणाम टळत नाही. ‘पोटात जात नाही, म्हणजे सुरक्षित’ हा समज इथे चुकीचा ठरतो.

धोका किती, ते आकड्यांत पाहू. गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १०,००० तरुण स्त्रियांमागे वर्षाला साधारण २ जणींच्या शिरेत गुठळी होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेलवाली संयुक्त गोळी घेणाऱ्यांमध्ये हा आकडा ५ ते ७ होतो. लेव्होनॉर्जेस्ट्रेलऐवजी त्याच जातीचं डेसोजेस्ट्रेल, जेस्टोडीन किंवा ड्रॉस्पिरेनोन असलेल्या संयुक्त गोळ्यांमध्ये तो ९ ते १२ असतो. म्हणजे नव्या आणि महाग गोळ्या या बाबतीत जुन्या, स्वस्त माला-एनपेक्षा सरस नाहीत. गरोदरपणात धोका गोळीपेक्षा जास्त असतो आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तर कितीतरी जास्त. निरोगी बाईने हे आकडे वाचून घाबरून गोळी टाकून द्यायचं कारण नाही.

धोका सगळ्यात जास्त असतो तो पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या ३ महिन्यांत. मध्ये ४ आठवडे किंवा त्याहून जास्त खंड पडून गोळी पुन्हा सुरू केली की हा सुरुवातीचा वाढीव धोका पुन्हा येतो. ‘शरीराला आराम’ म्हणून दर सहा महिन्यांनी गोळी थांबवायची नि परत धरायची, ही सवय म्हणूनच उलटी पडते.

१९६१ साली इंग्लंडमधल्या एका डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये पत्र लिहून कळवलं की अशी गोळी घेणाऱ्या एका परिचारिकेच्या फुप्फुसात गुठळी अडकली होती. तेव्हाच्या गोळीत इस्ट्रोजेन आजच्या कितीतरी पट असायचं. पुढे मात्रा ५० मायक्रोग्रॅमवर आणि मग ३० ते २० वर आली, तसा धोका उतरला. पण तो शून्यावर आला नाही. ज्यांच्या अंगात गुठळीचं एखादं कारण आधीच बसलेलं आहे, त्यांच्यासाठी ३० मायक्रोग्रॅमही जास्तच.

अशा स्त्रिया ओळखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने चार वर्ग पाडले आहेत. पहिल्या वर्गात साधन बिनदिक्कत वापरावं, दुसऱ्यात फायदा धोक्यापेक्षा जास्त, तिसऱ्यात धोका फायद्यापेक्षा जास्त म्हणून दुसरा उपाय शोधावा, आणि चौथ्यात ते साधन वापरूच नये. हा वर्ग आजाराला नव्हे, आजार आणि साधन यांच्या जोडीला असतो. एकाच बाईसाठी माला-एन चौथ्या वर्गात आणि तीन महिन्यांचं इंजेक्शन पहिल्या वर्गात असू शकतं.

आधी शिरांचं बघू, कारण गोंधळ तिथेच जास्त होतो. पायावर निळ्या, वेड्यावाकड्या, फुगलेल्या शिरा दिसतात त्या व्हेरिकोज व्हेन्स. त्या कातडीखालच्या, वरवरच्या शिरा. नुसत्या तेवढ्या असतील तर संयुक्त गोळी पहिल्या वर्गात येते, म्हणजे चालते. फुगलेल्या शिरा बघून गोळी नाकारली जाते ते उगाच. अशा एखाद्या शिरेची लाल, दुखरी, हाताला लागणारी दोरी झाली असेल तर मात्र तिच्यात वरवरची गुठळी झालेली असू शकते आणि तेव्हा डॉक्टरांनी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. खरी भीती स्नायूंच्या आत दडलेल्या खोल शिरांची. तिथे पूर्वी कधीही गुठळी झाली असेल, किंवा फुप्फुसात वा मेंदूच्या शिरेत झाली असेल, तर इस्ट्रोजेन कायमचं बंद. त्यावर रक्त पातळ करायची गोळी चालू आहे म्हणून सूट घेऊ नये. अशी बाई आपणहून ‘मला डीप व्हेन थ्रॉम्बोसिस झालं होतं’ असं सांगत नाही. ती म्हणते, ‘पहिल्या बाळंतपणात एक पाय सुजला होता, पोटात इंजेक्शनं घ्यायला लागली होती.’ गुठळीवरची हेपरिनची इंजेक्शनं पोटाच्या कातडीत देतात. हे वाक्य कानावर पडलं की माला-एनचं पाकीट बाजूला ठेवावं आणि जुने कागद मागवावेत.

आई, बहीण किंवा भावाला कमी वयात, विशेषतः पंचेचाळिशीच्या आत, गुठळी झाली असेल तर तेही सांगायला हवं. फॅक्टर फाइव्ह लायडनसारखा रक्तातला जन्मजात दोष तपासात आधीच सापडला असेल तर गोळी चौथ्या वर्गात जाते. पण म्हणून गोळी सुरू करण्याआधी प्रत्येकीने हजारो रुपयांच्या रक्ततपासण्या करायची गरज नाही. घरातला आजार नीट विचारला तर त्याहून जास्त कळतं. ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचा आजार, असलेल्या स्त्रीच्या रक्तात गुठळ्या घडवणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी असतील तरीही उत्तर नाही हेच.

आता हृदय. आपल्याकडे तरुण बायकांमध्ये वारंवार दिसणारा हृदयविकार म्हणजे संधिवाताच्या तापाने, ऱ्हुमॅटिक फीव्हरने, खराब झालेली झडप. एक उदाहरण घेऊ. बाई काल्पनिक आहे, पण तिचा रिपोर्ट ओळखीचा वाटेल. वय २८, मूल ४ महिन्यांचं, अंगावर पाजते. लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते, तेव्हापासून दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू आहे. आशाताईंकडे ती माला-एन मागते आहे. इकोच्या कागदावर लिहिलंय: मायट्रल स्टेनोसिस, झडपेचं क्षेत्रफळ १.२ चौरस सेंटिमीटर, डावं अलिंद मोठं झालेलं, फुप्फुसाच्या धमनीतला दाब वाढून ५५. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन.

निरोगी मायट्रल झडपेचं तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडतं. दीडच्या खाली गेलं की आजार गंभीर. रक्ताला पुढे जायला वाट अरुंद, म्हणून ते डाव्या अलिंदात तुंबतं आणि अलिंद फुगतं. त्यात फिब्रिलेशन झालं की अलिंद आकुंचन पावत नाही, नुसतं थरथरतं. साचलेलं रक्त गोठतं. तिथली गुठळी सुटली तर पुढचा थांबा बहुतेक वेळा मेंदू, म्हणजे पक्षाघात. या रक्तात गोठण्याचे घटक वाढवणारं इस्ट्रोजेन घालण्यात काय अर्थ? वर्गवारीत झडपेचा साधा आजार दुसऱ्या वर्गात येतो. फुप्फुसातला वाढलेला दाब, फिब्रिलेशनचा धोका किंवा पूर्वी झडपेला झालेला जंतुसंसर्ग, यांपैकी काही असेल तर तोच आजार गुंतागुंतीचा ठरून चौथ्या वर्गात जातो. या बाईच्या कागदावर दोन कारणं स्पष्ट लिहिली आहेत. शिवाय अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले ६ महिने संयुक्त गोळी देऊच नये असं म्हणतात, ते वेगळंच.

पण तिला साधन नक्की हवं. अशा झडपेवर दुसरं गरोदरपण तिच्या जिवावर बेतू शकतं. फिब्रिलेशनमुळे ती रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन किंवा असेनोकुमारॉल घेत असणार, आणि गरोदरपणाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ही औषधं बाळाला अपाय करतात. मग द्यायचं काय? फक्त प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं हार्मोन असलेली साधनं तिच्या झडपेसाठी पहिल्या वर्गात आहेत. सरकारी दवाखान्यात ‘अंतरा’ हे १५० मिलिग्रॅम मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन ३ महिन्यांनी देतात. बाळंतपणाला ६ आठवडे उलटल्यामुळे अंगावरच्या दुधाचीही आडकाठी नाही. रक्त पातळ करायचं औषध चालू असताना दंडात किंवा कमरेत इंजेक्शन दिलं की आत रक्त साकळू शकतं, म्हणून जागा न चोळता काही मिनिटं दाबून धरायची आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीचा आकडा, फार वाढलेला नाही याची आधी खात्री करायची. ७५ मायक्रोग्रॅम डेसोजेस्ट्रेलची गोळीही चालते, मात्र ती रोज, मध्ये एकही दिवस न सोडता. हे तेच डेसोजेस्ट्रेल, जे संयुक्त गोळीत असताना धोका वाढतो; इथे त्याच्या सोबतीला इस्ट्रोजेन नाही.

तांबी बसवली तर? तांबीत हार्मोन नाही, गुठळीचा प्रश्न नाही. पण तांबीने पाळीत जास्त जातं, आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधावर ते आणखी वाढतं. रक्त कमी झालं की हृदय जोरात धावतं. ठोके वाढले की दोन ठोक्यांमधला वेळ कमी होतो आणि अरुंद झडपेतून रक्त पुढे सरकायला तेवढाच कमी अवधी मिळतो. फुप्फुसात पाणी भरायला एवढं पुरतं. त्यामुळे अशा बाईला गर्भाशयात बसवायचंच असेल तर लेव्होनॉर्जेस्ट्रेलची हार्मोनल कॉइल बरी, तिने पाळीचा स्राव कमी होतो. ती रुग्णालयात बसवावी. आणि घरात मुलं पुरेशी असतील तर सगळ्यात निर्धोक उपाय नवऱ्याकडे आहे: बिनटाक्याची नसबंदी. तिला भूल देऊन तिच्या पोटावर शस्त्रक्रिया करण्यापेक्षा त्याची दहा-पंधरा मिनिटांची शस्त्रक्रिया केव्हाही सोपी. त्यानंतर ३ महिने दुसरं साधन वापरून वीर्यतपासणीत शुक्रजंतू नाहीत हे पाहावं लागतं, एवढीच अट.

झडपेपलीकडेही काही हृदयविकारांत इस्ट्रोजेन वर्ज्य आहे. हृदयात जन्मजात भोक असून अशुद्ध रक्त शुद्ध रक्तात मिसळत असेल, ओठ-नखं निळी पडत असतील, तर पायातली गुठळी फुप्फुसात न अडकता थेट मेंदूकडे जाऊ शकते. फुप्फुसाच्या धमनीतला दाब कायमचा वाढलेला असेल, हृदयाच्या स्नायूची ताकद बरीच कमी झालेली असेल, किंवा जन्मजात हृदयदोषासाठी करतात ती फॉन्टॅन शस्त्रक्रिया झालेली असेल तरीही तेच. लोखंडी, म्हणजे कृत्रिम धातूची झडप बसवलेल्यांनाही इस्ट्रोजेन नको. बाळंतपणाच्या सुमाराला हृदय कमकुवत झालेल्या बाईने ‘आता बरी आहे’ म्हणून स्वतःच्या मनाने गोळी धरू नये. फुप्फुसातल्या दाबासाठी बोसेंटान घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांभाळायची: ते औषध यकृतात हार्मोन लवकर मोडतं, म्हणून गोळ्या आणि दंडात बसवायची कांडी यांचा भरवसा राहत नाही. उलट लहानपणी भोक पूर्ण बंद झालेलं आहे, किंवा झडप थोडीशी गळते आणि इको बाकी ठीक आहे, अशा बाईला संयुक्त गोळी सहसा चालते. ‘हृदयाचा त्रास’ एवढ्या दोन शब्दांवर निर्णय करता येत नाही, कागद बघावाच लागतो.

धमन्यांचं गणित वेगळं, पण निष्कर्ष तोच. हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर इस्ट्रोजेन नाही. रक्तदाब १६०/१०० किंवा वर असेल तर चौथा वर्ग. १४०/९० पासून वर, किंवा औषधाने आटोक्यात असलेला रक्तदाब, तिसरा. म्हणून गोळी देण्याआधी रक्तदाब मोजणं ही एकमेव तपासणी अशी आहे जी कधीही टाळू नये. पस्तिशीनंतर सिगारेट ओढणाऱ्यांनाही नको. आणि अर्धशिशी: डोकं दुखू लागण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा येत असतील, अर्धी नजर झाकोळत असेल किंवा हाताला मुंग्या येत असतील, तर वय कितीही असो, इस्ट्रोजेन वर्ज्य. साध्या डोकेदुखीला हा नियम लागू नाही.

आता एक आडवाट, जिथे माहितगार बायकाही फसतात. गणपती, मंगळागौर, वारी किंवा घरचं लग्न आलं की पाळी पुढे ढकलायची गोळी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणली जाते. ती असते नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, पाळीच्या तारखेआधी तीन दिवसांपासून. कागदावर ती फक्त प्रोजेस्टेरॉनच्या जातीची, म्हणून निर्धोक वाटते. पण शरीरात तिचा थोडा भाग एथिनिल इस्ट्राडिऑलमध्ये बदलतो. दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम घेतलं तर २० ते ३० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेनची संयुक्त गोळी घेतल्यासारखाच परिणाम होतो. म्हणजे जिला माला-एन चालत नाही तिला ही गोळीही चालत नाही. त्यात उपवास, कमी पाणी, लांबचा प्रवास यांची भर पडते. मेंदूच्या शिरेत गुठळी होऊन आलेल्या तरुण स्त्रीला न्यूरॉलॉजिस्ट या गोळीबद्दल मुद्दाम विचारतात ते यासाठीच. पाळी ढकलायचीच असेल तर इस्ट्रोजेनमध्ये न बदलणारं मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन चालेल का, हे डॉक्टरांना विचारता येतं. पीसीओएस किंवा मुरुमांसाठी दिलेल्या ‘हार्मोनच्या गोळ्या’ही बहुधा संयुक्त गोळ्याच असतात. त्या गर्भनिरोधक म्हणून दिलेल्या नसल्यामुळे ‘गर्भनिरोधक गोळी घेता का?’ या प्रश्नाला बाई खरं मानूनच ‘नाही’ म्हणते.

दुसऱ्या बाजूने, संबंधांनंतर ७२ तासांत घ्यायच्या तातडीच्या गोळीत १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल असतं, इस्ट्रोजेन नसतं. पूर्वी गुठळी झालेल्या किंवा हृदयविकार असलेल्या बाईलाही अडचणीच्या वेळी ती घेता येते. आठवड्याची ‘छाया’ गोळी हार्मोन नाही हे खरं, पण तिच्यातलं सेंटक्रोमन ज्या औषधगटात मोडतं त्यातल्या टॅमॉक्सिफेन आणि रॅलॉक्सिफेनने गुठळीचा धोका वाढतो. पूर्वी गुठळी झालेल्या बाईने ‘हार्मोन नाही’ या एका शब्दावर ती सुरू करू नये.

गोळी चालू असताना गुठळी झाली तर ओळखायची कशी? पायाची गुठळी जवळजवळ नेहमी एकाच पायात होते, डाव्यात थोडी जास्त. पोटरी भरून येते, गरम लागते, चालताना आतून दुखते. मोजपट्टीने बघता येतं: गुडघ्याच्या वाटीखाली जो हाडाचा उंचवटा लागतो त्याच्या १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर त्याच दिवशी डॉप्लर सोनोग्राफी करून घ्यावी. सुजलेला पाय तेल लावून चोळून घेणं हा सगळ्यात वाईट उपाय, गुठळी सुटू शकते. अचानक दम लागणं, श्वास आत घेताना छातीत टोचणं, खोकल्यातून रक्त, भोवळ, ही फुप्फुसातल्या गुठळीची लक्षणं. यात थेट रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठायचा. मेंदूच्या शिरेतली गुठळी फसवी असते. सुरुवातीला फक्त डोकं दुखतं, पण ते दिवसेंदिवस वाढत जातं, आडवं झाल्यावर किंवा खोकल्यावर जास्त ठणकतं, मग उलट्या, अंधूक नजर, आकडी. पित्त समजून चार दिवस घालवले जातात. साधा सीटी स्कॅन यात नॉर्मल येऊ शकतो. गोळीचं नाव आधीच सांगितलं तर डॉक्टर शिरांचा एमआर व्हेनोग्राम करायचं ठरवतात. कोणत्याही संशयात संयुक्त गोळी तिथेच थांबवायची आणि लगेच दाखवायचं.

ठरलेली मोठी शस्त्रक्रिया असेल आणि नंतर बरेच दिवस अंथरुणावर पडून राहावं लागणार असेल तर संयुक्त गोळी ४ आठवडे आधी बंद करतात आणि मधल्या काळासाठी दुसरं साधन ठरवून देतात. जिला गोळीवर असताना एकदा गुठळी झाली, तिने पुढच्या गरोदरपणात पहिल्याच भेटीत ते सांगायचं. गरोदरपणातही इस्ट्रोजेन वाढलेलंच असतं, आणि अशा बाईला बाळंतपणानंतर किमान ६ आठवडे, बहुतेकदा गरोदरपणातही, हेपरिनच्या जातीची इंजेक्शनं देतात.